अठ्ठेचाळीस मिलिमीटर

साइटवरची माणसं तिला मिलिमीटरबाई म्हणायची. बावीस वर्षं नकाशे काढत आलेली बाई. संगणकावर रेघ ओढणं कुणालाही जमतं, ती कागदावर खरी उतरवणं जमत नाही, असं तिचं म्हणणं. नकाशा कुठल्याही मापाच्या कागदावर निघो, खालच्या कोपऱ्यात ती बरोब्बर पन्नास मिलिमीटरची एक रेघ घालायची. छापील कागद हातात आला की आधी त्या रेघेवर पट्टी ठेवायची, मग चहा.

काल संध्याकाळी मात्र ती घाईत होती. जुन्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर नवी मोरी काढायची, पाइपासाठी स्लॅबला भोक पाडायचं. स्लॅब आत पोलादी केबली ताणून बसवलेला, एकेका केबलीत पंधरा टनांची ओढ; कापली तर गोळीसारखी सुटणार. भोक पाडणारा तिचाच धाकटा भाऊ. लहानपणापासून दिसेल त्या लाकडाला भोकं पाडायचा म्हणून घरात त्याचं नाव भुंगा.

"साइटचा मोठा प्रिंटर बंद आहे. ए-थ्री कागदाची पीडीएफ द्या, प्रमाण एकास शंभर, आत्ता," ऑफिसातले साहेब म्हणाले होते.

तिनं शीट नीट लावलं. केबली अर्ध्या मिलिमीटरच्या जाड रेघेत, भिंती त्याच्या निम्म्या, बाकी जाळी केसासारखी. प्रिव्ह्यूमध्ये चौकटीची कड कापली जात होती. समास वाढवत बसायला वेळ नव्हता. तिनं 'कागदात बसवा'च्या खुणेवर टिचकी मारली, चौकट अख्खी दिसली, फाइल गेली. शीर्षकात एकास शंभर तसंच राहिलं.

सकाळी फाइलीसाठी तीच पीडीएफ तिनं मूळ मापात छापली. सवयीनं पट्टी ठेवली.

अठ्ठेचाळीस.

पट्टी पुसून परत ठेवली. अठ्ठेचाळीस.

म्हणजे अख्खा नकाशाच आकसला होता. केबलींची लिहिलेली मापं दुसऱ्या शीटवर होती, आणि साइटवर दुसरं शीट कोण उघडतं? 'कागदावरून माप घेऊ नये' असं दर नकाशावर छापलेलं असतं. त्याच ओळीवर पट्टी टेकवून लोक माप घेतात. भुंगाही त्यातलाच.

तिनं फोन लावला. वाजत राहिला. मशीन चालू असलं की त्याला शेजारी बॉम्ब फुटला तरी कळायचं नाही. साहेबांचा फोन बंद. साइट दहा मिनिटांवर. रिक्षात बसून तिनं हिशेब मांडला आणि मांडायला नको होता असं तिला झालं. केबल भिंतीपासून साडेसात मीटरवर. बारीक झालेल्या नकाशावर पट्टी बहात्तर मिलिमीटर दाखवणार, म्हणजे सात मीटर वीस. भुंगा शहाणपणानं तिथून तीस सेंटिमीटर लांब सरकणार. म्हणजे साडेसातवर. नेमका केबलीवर.

जिन्यातच मशीनची घरघर ऐकू आली. चौथ्या मजल्यावर पोचली तेव्हा तो मशीनच्या चाकावर वाकला होता, डोळ्यांना चष्मा, पायाशी सिमेंटचं राखाडी पाणी.

"बंद कर! भुंग्या, बंद कर!"

त्यानं बटण दाबलं. "काय गं ताई? डबा विसरलो का मी?"

"किती खोल गेलास?"

"नव्वद मिलिमीटर झालं असेल. का? तुझ्याच नकाशावरून घेतलंय. केबल तिथं, मी इथं. चांगला हातभर लांब."

"आतल्या केबली बघायला स्कॅनरवाला आला होता?"

"मुकादम म्हणाला, नकाशा आहे तर स्कॅनर कशाला? त्यात बाईंचा नकाशा." तो हसला. "तुझ्या नावावर इथं सगळं चालतं."

ती खाली बसली. राखाडी पाण्यात निळी कातरण तरंगत होती, नखाएवढी. बोटानं उचलली. प्लास्टिक. बोटाला तेलकट ग्रीस लागलं. केबलीवरचं वेष्टण.

भुंग्यानं ते पाहिलं. हसू तोंडावरच वाळलं.

"काहीतरी कडक लागलं होतं," तो हळू आवाजात म्हणाला. "मला वाटलं, साधी सळई."

"तिथून हल. केबलीच्या रेषेत उभा राहू नकोस. मशीन राहू दे तिथंच."

"ताई, मशीन भाड्याचं आहे."

"राहू दे म्हटलं ना!"

तिनं मुकादमाला गाठून चौथ्यासकट वरचा, खालचा आणि त्याखालचा मजला रिकामा करायला लावला. केबलीचं टोक ज्या बाजूला भिंतीत संपतं, तिथली गल्लीही अडवली. माणसं कुरकुरत, डबे घेत खाली उतरली. अर्ध्या तासानं साहेब आले, घामेजलेले.

"कुणी केलं हे?"

मुकादमानं भुंग्याकडे पाहिलं. भुंग्यानं जमिनीकडे.

"मी," ती म्हणाली. "शीट कागदात बसवलं. माप मोडलं. त्यानं बरोबरच मोजलं होतं."

साहेबांनी तिच्याकडून निळी कातरण घेऊन पाहिली. केबलीत सात तारा असतात, हे दोघांनाही ठाऊक होतं. त्यातल्या किती कापल्या गेल्या, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. केबलीची ओढ सैल करणारी माणसं दुपारनंतर येणार होती.

सगळे रस्त्यापलीकडे उभे राहून चौथ्या मजल्याकडे बघत होते. भुंगा तिच्या शेजारी, भिजल्या हातांनी. मशीन बंद होऊन बराच वेळ झाला होता, तरी वरून मधूनच, तार तुटावी तसा, बारीकसा टक् आवाज येत होता. एकदा आला. मग बराच वेळ नाही. मग परत.