पत्ता सेव्ह होत नाही

आमच्या अ‍ॅपच्या टेस्टिंग टीममधली थोरली नव्या मुलीवर, म्हणजे धाकटीवर, मनातून जळायची. धाकटीनं नोंदवलेला बग प्रोग्रामर लगेच दुरुस्त करायचा. थोरलीचा मात्र 'माझ्याकडे असं होत नाही' म्हणून परत यायचा.

"तिचं तेवढं गोड लागतं मेल्याला," ती मला म्हणाली. थोरलीनं ताज्या बगमध्ये लिहिलं होतं इतकंच: 'पत्ता सेव्ह होत नाही, कितीदा सांगायचं?'

तोही परत आला, तेव्हा ती इरेला पेटली. फोन टेबलावर उभा ठेवून एकेक कृती करत लिहायला बसली, तर पत्ता मुकाट सेव्ह झाला. मग तिच्या लक्षात आलं, एरवी पत्ता टाइप केला की ती सवयीनं फोन आडवा धरते.

'पायऱ्या: नवा पत्ता लिहा. फोन आडवा करा. सेव्ह दाबा.
अपेक्षित: नवा पत्ता सेव्ह व्हावा.
प्रत्यक्षात: फोन आडवा करताच जुना पत्ता परत येतो, तोच सेव्ह होतो.'

दुपारी प्रोग्रामर स्वतः तिच्या टेबलाशी आला. "पहिल्या झटक्यात सापडला."

थोरलीची मान ताठ झाली.

"छान लिहिलंय," तो म्हणाला. "धाकटीकडून लिहून घेतलंत ना?"