तांत्रिक खुलाशासाठी संपर्क

आमच्या मालकांची एक रीत होती. टेंडरची कागदपत्रं पाठवायच्या आधी सोबतचा ईमेल छापून मी तो मोठ्यानं वाचायचा, त्यांनी चहा पीत ऐकायचा आणि मगच मी तो पाठवायचा. कोल्हापूरच्या त्या फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, सात वर्षं हे काम माझं होतं. मी कुरुंदवाडची, आमच्या घरात पहिलीच पदवीधर. इंग्रजी पत्र लिहायला मला मालकांनीच शिकवलं. त्यांचे उपकार मी विसरलेली नाही, म्हणूनच पुढचं सांगायला लाज वाटते.

ईमेलच्या शेवटी एक ओळ असायची: तांत्रिक खुलाशासाठी संपर्क. तिथं सात वर्षं माझं नाव होतं. मी कॉमर्सची, पण प्रश्न आला की खाली शॉपफ्लोअरवर जाऊन कारागिरांना विचारायचे आणि कळवायचे. बारशाला गावी गेले तरी मी सांगायची, कारखान्यांचे लोक थेट मलाच फोन करतात.

मग पुण्याहून शिकून आलेली इंजिनियर मुलगी रुजू झाली. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. मला ताई म्हणायची. तिच्या त्या ताई म्हणण्याचासुद्धा मला राग यायचा.

एका साखर कारखान्याचं टेंडर होतं, रसाच्या पंपांच्या इंपेलरचं, म्हणजे पंपातल्या फिरत्या चाकांचं. त्या दिवशी मालकांनी तिलाही केबिनमध्ये बसवलं. मी वाचत गेले. सोबतचे कागद: सही केलेलं टेंडर, डेटाशीट, ड्रॉइंग, धातूच्या तपासणीचे दाखले, अनामत भरल्याची पावती, आणि पासवर्ड घातलेली दरांची वेगळी फाइल. पुढची ओळ होती, आमचे दर टेंडर उघडल्यापासून नव्वद दिवस ग्राह्य राहतील.

"ताई, त्यांनी एकशेवीस दिवस मागितलेत," ती हळूच म्हणाली. "नव्वद लिहिलं तर आपण बाद होऊ."

मी जुन्या मेलवरून उतरवलं होतं. मालकांनी कप बशीत ठेवला.

"बघ की, हिनं वाचवलं. आता खाली संपर्कातबी हिचंच नाव घाल."

मी जागेवर आले, एकशेवीस केलं, तिचं नाव आणि हुद्दा लिहिला. मोबाइल नंबर मात्र माझाच राहू दिला. मालक नंबर कधी तपासत नसत, हे मला माहीत होतं. नाव तिचं असलं तरी फोन आपल्याकडे यावा, एवढंच मनात होतं. मी मेल पाठवून टाकला.

आठवड्यानं दुपारी बाराला कारखान्याच्या खरेदी अधिकाऱ्याचा फोन आला. त्यांनी तिचं नाव घेऊन विचारलं, आपणच ना? मी हो म्हणून गेले. डेटाशीटवर इंपेलर स्टेनलेसचा आहे आणि ड्रॉइंगवर ब्राँझचा, कुठला धरायचा, असा त्यांचा प्रश्न होता. पाच वाजेपर्यंत लेखी उत्तर आलं नाही, तर ते आमची दरांची फाइल उघडणारच नव्हते.

मी तिच्याकडे गेले नाही. जुन्या फायली काढल्या, तीन ड्रॉइंग शेजारी शेजारी ठेवली. काहीही लिहिलं असतं तरी तो अंदाजच झाला असता. चार वाजता मी तिच्या टेबलाशी गेले आणि कारखान्याचा प्रश्न सांगितला.

तिनं स्क्रीनवर दोन्ही कागद उघडले. ड्रॉइंग जुनं गेलं होतं, डेटाशीट बरोबर होतं आणि दरही स्टेनलेसचेच दिले होते. तिनं नवीन ड्रॉइंग जोडून चार ओळींचं उत्तर लिहिलं. मग म्हणाली, "त्यांनी मला फोन का नाही केला?" आणि मूळ मेल उघडला. नंबरावर तिची नजर थांबली. माझे कान तापले. तिनं मेल बंद केला. पावणेपाचला उत्तर गेलं. मालकांना तिनं यातलं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मला तिचा राग करता आला असता.

काम आम्हाला मिळालं. अधिकाऱ्यांचा फोन पुन्हा माझ्याच मोबाइलवर आला, तिचंच नाव घेत. मोबाइल हातात धरून मी भट्टीजवळून तिच्यापर्यंत गेले.

"तुझ्यासाठी आहे."

तिनं हात पुसले, पण फोन घेतला नाही. "नंबर तुमचा आहे की, ताई. तुम्हीच बोला."

मी कानाला लावला. मॅडम, तुमचं उत्तर नेमकं होतं, ते म्हणाले. मी तिच्या नावानं धन्यवाद म्हटलं. ती तोवर साच्याकडे वळली होती, तिला त्याचं काहीच नव्हतं.

पुढच्या मेलपासून मी तिचा नंबर लिहू लागले. तो मला आजही पाठ आहे. माझ्या सख्ख्या भावाचा नाही.