दिवा कुठं विझला

विहिरीत उतरताना सितारामला नेहमी वाटायचं, आपण झोपेत खोल खोल चाललोय. वरचा निळा गोल हळूहळू भाकरीएवढा व्हायचा. कपारीतल्या पारव्यांचं घुमणं अंगावरून वाहायचं. पालमच्या आसपासच्या विहिरींचा गाळ काढण्यात त्याची पस्तीस वर्षं गेली होती.

हे काम त्याला म्हाताऱ्या सटवाजीनं शिकवलं. सटवाजी आधी दोराला कंदील बांधून खाली सोडायचा. "आसरांना इचारायचं," तो म्हणायचा. आसरा म्हणजे पाण्यातल्या सात देवी. "दिवा इझला की त्या कोपल्या. नारळ फोडायचा, मग उतरायचं." सिताराम बौद्ध घरातला; आजोबांनीच देवदेवस्की घराबाहेर काढलेली. सटवाजी वारल्यावर त्यानं आसरांबरोबर कंदीलही सोडून दिला. देवी खोट्या, मग त्यांचा दिवा कसा खरा असंल? इतका सोपा हिशोब.

यंदा मे महिन्यात दत्तराव या बागायतदारानं त्याला बोलावलं. विहीर चार वर्षं फळ्या टाकून झाकलेली, तळाशी पालापाचोळा कुजत पडलेला. कमरेला दोर बांधून सिताराम उतरला. दोराचं दुसरं टोक बायको सुलाबाई आणि दोन गड्यांच्या हातात होतं. अर्ध्याच्या खाली गेला तसे पारवे लांब कुठंतरी, पलीकडच्या गावात घुमायला लागल्यासारखे वाटले. अंग हलकं झालं, गोड झोप यायला लागली. त्या झोपेतच त्याला सुलाबाईची हाक ऐकू आली, "अवो, बोला की!" त्याला बोलता येईना. गड्यांनी दोर ओढला.

बाभळीखाली तो पडून राहिला. आभाळ अजून फिरत होतं.

दत्तराव म्हणाले, "आमच्या आजापासून कंदील सोडतेत. इतक्या पिढ्या काय येड्या होत्या? नारळ फोडू, मग बिनघोर उतर."

बातमी ऐकून जावई मोटारसायकलवर आला. सुगत मानवतच्या शाळेत विज्ञान शिकवायचा. तो चिडला. "मामा, आसरांचा दिवा पुन्हा? ही अंधश्रद्धा हाय. तुमी तर ती कवाच सोडली."

सितारामला दोघांचे आवाज पाण्याखालून आल्यासारखे येत होते. ऐकता ऐकता त्याला एक गोष्ट लखलखीत दिसली. दत्तराव दिवा किती जुना ते सांगायलेत. सुगतराव दिवा कुणाच्या नावानं आला ते सांगायलेत. दिवा खाली गेल्यावर काय करतो, हे कुणीच बोलंना. आपण तरी इतकी वर्षं काय केलं?

"सुलाबाई, कंदील आन," तो म्हणाला.

दोराला हात हात अंतरावर गाठी मारल्या. पेटता कंदील गाठ गाठ करत अंधारात गेला. पिवळा ठिपका सतराव्या गाठीला आखडला आणि विझला. वर ओढून, पेटवून पुन्हा सोडला. पुन्हा सतरावी गाठ.

"आता फोडा नारळ," सिताराम म्हणाला. दत्तरावांनी मनोभावे फोडला. दिवा पुन्हा सतराव्याच गाठीला विझला.

मग त्यानं लिंबाच्या डहाळ्यांचा मोठा भारा दोराला बांधून विहिरीत वरखाली, वरखाली घुसळला. घटकाभरानं कंदील सोडला, तर तो चोविसाव्या गाठीपर्यंत जळत राहिला.

विहिरीतून थंड वास येत होता.

"कोपलेली देवी डहाळीनं सरकत न्हाई," सिताराम म्हणाला. "खाली वाईट हवा साचली हाय."

सुगत कठड्याशी बसला. कंदील हातात घेऊन म्हणाला, "कुजलेल्या पाल्याचा जड वायू. मी पोरांना शिकवतो हे. तरी आसरांचं नाव ऐकलं अन् कंदिलाकडं बघितलंच न्हाई." मग सावध होऊन पुढं म्हणाला, "पर मामा, उलटंही ध्यानात घ्या. काही विषारी हवेत दिवा जळतच ऱ्हातो. इझला तर उतरायचं न्हाई, हे पक्कं. जळला म्हंजे भेव न्हाई, असं न्हाई."

दत्तराव फुटलेल्या नारळाकडं बघत होते. "आमच्या आज्यानं नारळ फोडून लगेच गडी उतरवला असंल का वो?" त्यांनी विचारलं.

धान्य उफणायचा पंखा आणला. त्याला लांब प्लास्टिकचा पाइप जोडून तळाशी सोडला आणि दुपारभर चालवला. कंदील तळापर्यंत जळत गेला, तरी पंखा बंद केला नाही. दोर कमरेला होताच. वरून कुणी तरी दर दोन मिनिटांनी हाक मारायची आणि खालून आवाज आला नाही तर दोर ओढायचा, कुणी मागं उतरायचं नाही, हे ठरलं.

चार दिवसांत गाळ निघाला. शेवटच्या दिवशी सिताराम तळाशी उभा होता. पाइपातून ताजा वारा पायांशी येत होता. सुलाबाईची हाक आली. यावेळी त्यानं ओ दिली. खडकाच्या फटीतून पाण्याची बारीक धार सुटली होती. त्यानं ओंजळ धरली आणि ती भरेपर्यंत तसाच उभा राहिला.