तेहतीस मिलिसेकंदांची चूक नव्हे, माझी

आमच्या प्रयोगशाळेतल्या एका तज्ज्ञ बाईंना सगळे ‘फ्रेमवाल्या बाई’ म्हणत. व्हिडिओत काटछाट झाली आहे का, हे फ्रेमच्या वेळा मोजून सांगण्यात त्यांचा हातखंडा. त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

एका पॅकिंग कामगार बाईने मोबाइलवर चित्रीकरण केलं होतं: कारखान्यात कामाची पाळी चालू असताना सुपरवायझर अंधुक उजेडातल्या मागच्या दाराला कुलूप घालतोय. कामगार खात्याच्या चौकशीसाठी व्हिडिओ तपासणीला आला. दोन फ्रेममध्ये साधारण तेहतीस मिलिसेकंदांचं अंतर हवं. नऊ ठिकाणी ते सहासष्ट निघालं. दोन ठिकाणी एकच फ्रेम लागोपाठ दोनदा आलेली. बाईंनी लिहिलं, “फ्रेम गहाळ व पुनरावृत्त. संपादनाची शक्यता.” मूळ फोन मागवला नाही, मेसेजवरून आलेल्या प्रतीवरच भागवलं. तक्रार खोटी ठरली, कामगार बाईची नोकरी गेली.

आठ महिन्यांनी दुसऱ्या प्रकरणात त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा फोन आला. फोन हाताशी असल्यानं बाईंनी आधी कमी उजेडाच्या खोलीत चाचणी घेतली. मग आकडे पाहिले. तेच सहासष्ट. अंधारात हा फोन अधूनमधून फ्रेम गाळत होता. ही क्लिप मेसेजवरून पाठवून पाहिली, तर प्रतीत दोन ठिकाणी एकच फ्रेम लागोपाठ दोनदाही आली.

त्यांनी जुनी फाइल उघडली. प्रत्येक मोठ्या अंतरात सुपरवायझरचा हात नेमका दुप्पट सरकला होता. म्हणजे फ्रेम गळाली होती, वेळ नव्हे. कुणी तुकडा कापून जोडला असता, तर अंतर तेहतीसच राहिलं असतं आणि हातानं मधेच उडी मारली असती. हे तेव्हाही समोरच होतं.

प्रयोगशाळेचे साहेब म्हणाले, “आता कोण विचारतंय? झाकली मूठ सव्वा लाखाची.”

“मूठ माझी आहे, साहेब. नोकरी त्यांची गेली.”

बाईंनी मूळ फोन मागवला, पुन्हा मोजमाप केलं आणि चुकीची कबुली देणारा सुधारित अहवाल सहीनिशी पाठवला. मग स्वतः त्या कामगार बाईच्या घरी गेल्या. ती शिवणकामाच्या मशीनवर होती. उठली नाही.

“माझ्याकडून चूक झाली,” बाई म्हणाल्या.

“तुम्ही तेव्हा एकदा माझा फोन मागितला असता, तर?”

 बाईंनी सुधारित अहवालाची प्रत मशीनशेजारी ठेवली. मशीन पुन्हा सुरू झालं.

चौकशी पुन्हा उघडली, दाराचं कुलूप निघालं. कामगार बाईला कामावर बोलावणं आलं. ती गेली नाही. “ज्यांनी मला खोटी ठरवलं, त्यांच्यात कशी बसू?” असं तिने पत्राने कळवलं.

ते पत्र प्रयोगशाळेतही आलं. बाईंनी वाचलं, फाइलला लावलं. त्यानंतर कुणी ‘तुमचा शब्द अखेरचा’ म्हटलं, की त्या खाली मान घालून एवढंच विचारत, “मूळ फोन आलाय का?”