कडेपासून लिहिलेलं

बारामतीत एस.टी. स्टँडजवळच्या एका डीटीपी सेंटरमध्ये मी चार वर्षं काम केलं. नव्वदच्या दशकाची अखेर होती. लग्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल, शाळांच्या प्रश्नपत्रिका असं काम असायचं. मालकांनी नवा स्कॅनर आणला तेव्हा पणदऱ्याहून रोज एस.टी.नं येणारी मी एका दिवसात त्याची जाणकार ठरले, कारण त्याचं पुस्तक फक्त मी वाचलं होतं.

एके दिवशी सणसरचे एक प्राथमिक शिक्षक फाईल घेऊन आले. लेस घालून बांधलेली साधी पुठ्ठ्याची फाईल. आत साठ-पासष्ट कागद, दोन्ही बाजूंनी निळ्या पेनानं लिहिलेले.

"आईच्या ओव्या आहेत," गुरुजी म्हणाले. "साठाव्या वर्षी साक्षरता वर्गात लिहायला शिकली. तेव्हापासून स्वतःच्या ओव्या स्वतःच लिहून ठेवती. पुढच्या महिन्यात आमच्या विहारात कार्यक्रम आहे, तेव्हा पुस्तिका काढायचीय."

"टाईप करू का?"

"नको ताई. तिचंच अक्षर पाहिजे. टाईप केलं तर त्यात आई कुठं दिसणार?"

फाईल त्यांनी जपून ठेवलेली दिसत होती. लेसची गाठ घट्ट होती. ती सोडू नका, पानं मागं-पुढं होतील, असं त्यांनी बजावलं. म्हणून मी फाईल तशीच उघडी करून एकेक पान काचेवर दाबलं. दाबून तरी किती दाबणार? बांधलेल्या बाजूला कागद काचेपासून वरच राहायचा आणि तिथं काळी सावली पडायची. कागद पातळ होता, मागच्या बाजूचं लिखाण पुढं उमटायचं. ते उमटू नये म्हणून मी प्रत्येक पानामागं काळा कागद घातला. लिखाण स्वच्छ आलं, पण पंचची दोन भोकं डांबराच्या थेंबांसारखी काळीकुट्ट दिसायला लागली.

त्यावर माझ्याकडं उपाय होता. सावली आणि भोकं दोन्ही बसतील एवढी कडेची पट्टी मोजली आणि सगळ्या पानांना एकच माप लावून ती कापून टाकली. मागच्या बाजूची पट्टी उजवीकडं येते, तेवढं ध्यानात ठेवलं. सोसायट्यांच्या जुन्या कागदांना मी हेच करायचे. कॉम्प्युटरमध्ये जागा कमी, म्हणून कापलेलं पान मूळ स्कॅनवरच सेव्ह करत गेले. दोन दिवसांत काम संपलं. पानं पांढरीशुभ्र दिसत होती. गुरुजी प्रूफ घेऊन गेले तेव्हा मला स्वतःचं कौतुकच वाटलं.

दुसऱ्या दिवशी ते आईला घेऊन आले. बारीक चणीच्या, पांढऱ्या स्वच्छ लुगड्यातल्या आजी. त्यांनी प्रूफ माझ्यासमोर ठेवलं आणि हळूच विचारलं, "पोरी, हितला माझा 'मा' कुठं गेला?"

मी पाहिलं. पानावर होतं: 'झ्या गं दारावरनं वाट शाळंला जाती.' खालच्या ओळीतला 'लेक' नुसता 'क' होऊन उभा होता. मी भराभर पानं उलटली. सगळीकडं तेच. आजी कागदाच्या अगदी कडेपासून कडेपर्यंत लिहायच्या. समास सोडतच नव्हत्या. आणि मी दोन दिवस फक्त भोकं बघत होते, ओळी वाचल्याच नव्हत्या.

मी प्रूफ खाली ठेवलं. तेवढ्यात आजीच म्हणाल्या, "माझंच चुकलं असंल. वर्गातल्या बाई म्हनायच्या, कडंला रेघ मारा, तिच्याम्होरं लिवा. पर कोरा कागद सोडायचा जिवावर यायचं बग."

"तुमचं काही चुकलं नाही आजी," मी म्हटलं. "मी न वाचता कापलं."

गुरुजी फाईल हातात घेऊन पानं चाळत होते. मग म्हणाले, "पंच मीच मारला. मुलांच्या वह्या तपासतो रोज, समास सोडला नाही म्हणून ओरडतो. आणि घरात भोकं पाडताना अक्षरांवरनं पाडतोय हे दिसलं नाही मला."

आजींनी त्यांच्या दंडावर हात ठेवला. "आरं, तू जपून ठेवायलाच मारलंस न्हवं? न्हायतर चुलीत गेली असती पानं. सोड ती गाठ."

गुरुजींनी स्वतः लेस सोडली. मी प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं बारीक आकडा घातला आणि सुट्टं पान काचेवर सपाट ठेवून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. सपाट पान ठेवल्यावर सावली उरलीच नाही. आता कापायचं होतं ते कागदाच्या बाहेरचं काळं, कागद दोराभरही नाही. भोकं मात्र होतीच. ती एकेक मोठी करून, शेजारच्या कोऱ्या कागदाचा रंग घेऊन बुजवायची. यावेळी मूळ स्कॅन वेगळे ठेवले, त्यासाठी कॉम्प्युटरवरच्या जुन्या पत्रिकांच्या फाईली पुसून जागा केली.

बऱ्याच पानांवर भोक दोन ओळींच्या मधे पडलं होतं. अकरा ठिकाणी मात्र त्यानं अक्षरच खाल्लं होतं. ती अक्षरं भरायच्या दिवशी गुरुजी आजींना पुन्हा घेऊन आले आणि त्या माझ्या शेजारच्या स्टुलावर बसल्या. पडद्यावर त्यांचा अर्धा उरलेला 'ल' तळहाताएवढा दिसत होता.

"येवढं मोठं अक्षर माझं?" त्या हसल्या. "तवा हात किती कापायचा बग. रेघ सरळ न्हायच."

मी त्यांच्याकडं कोरा कागद दिला. "इथं फक्त 'ल' लिहा आजी. मी तो तिथं चिकटवते."

त्यांनी अख्खी ओवी लिहून काढली. नुसतं अक्षर त्यांना लिहिताच येईना, ओळ म्हणत म्हणतच हात चालायचा. मी ऐकत राहिले:

'माझ्या गं दारावरनं वाट शाळंला जाती,
लेक बसला वर्गात, आई बांधावर ऱ्हाती.'

गुरुजी उठून दारात जाऊन उभे राहिले.

चिकटवलेला नवा 'ल' वेगळा दिसत होता. गोल, नीटस, ठाम. आसपासची जुनी अक्षरं वाकडी. मी म्हटलं, "जरा वाकडा करते, म्हणजे जोड कळणार नाही."

"नगं," आजी म्हणाल्या. "आता चांगलं येतंय तर चांगलंच दिसू दे."

तशीच अकरा अक्षरं बसवली. पुस्तिकेच्या पिनांना जागा मिळावी म्हणून प्रत्येक पान थोडं लहान करून बांधणीच्या बाजूला मोकळी पट्टी सोडली.

कार्यक्रमाला मीही सणसरला गेले. विहाराच्या अंगणात बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या, प्रत्येकीच्या हातात पुस्तिका. आजींना सगळ्या ओव्या पाठ होत्या, तरी त्यांनी चष्मा लावला, पान उघडलं आणि वाचून दाखवल्या. पाठ म्हणणं वेगळं आणि वाचणं वेगळं, ते त्यांच्या आवाजातनं कळत होतं. मधेच एका ओळीवर त्या अडल्या. गुरुजी सांगायला पुढं झाले, तर त्यांनी हातानंच थांबवलं. मग त्यांचं त्यांनाच ते अक्षर लागलं, आणि त्या पुढं वाचू लागल्या.

जेवताना त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं आणि ताटात दुसऱ्यांदा पुरणपोळी वाढली. मी नको म्हणत होते, पण त्या ऐकत नव्हत्या.