आपोआप बंद पडला

माझे सासरे संगमेश्वरमामा मुखेडच्या तहसील कचेरीत बत्तीस वर्षं कारकून होते. निवृत्तीनंतरही त्यांनी लोकांचे अर्ज लिहून देणं सोडलं नाही. कुणाचा दाखला अडला, कुणाचं रेशनकार्ड हरवलं, की माणूस त्यांच्या ओट्यावर येऊन बसायचा. अक्षर सुरेख आणि शिकवण एकच: कागदावर आपली चूक कधी कबूल करायची नाही. त्या शिकवणीचा त्यांना भारी अभिमान, आणि मला तिचा मनापासून राग आहे.

गेल्या वर्षी ते आमच्याकडे नांदेडला राहायला आले. त्यानंतर महिनाभरात माझ्या बायकोने, देविकाने, नवा फोन घेतला. संध्याकाळच्या तिच्या शिकवण्या त्याच फोनवर चालायच्या. दुकानदाराने दोन प्लॅन पुढे केले. देविकाने बारीक अक्षरातलं सगळं उभ्याउभ्या वाचलं. कंपनीची वॉरंटी एक वर्षाची, तीही फोनमध्ये मूळचाच दोष असेल तर. वाढीव वॉरंटी घेतली की तेच दुसऱ्या वर्षापर्यंत चालतं, पण पडला, फुटला, भिजला तर या दोन्ही वॉरंटींतून काही मिळत नाही. त्यासाठी दुसरा प्लॅन होता, पहिल्या वर्षापुरता. तिने तो घेतला.

"लुबाडायचे धंदे हायत हे," मामा दुकानदाराच्या तोंडावर म्हणाले. देविकाने पैसे भरून पावती घेतली.

आठव्या महिन्यात, एका रविवारी, मामा तिचा फोन शर्टाच्या खिशात ठेवून पाण्याच्या ड्रमात वाकले. मी ओली बाही पाहिली, पुसायला घेतलेला टॉवेल पाहिला. देविकाला मात्र त्यांनी सांगितलं, "आपोआप बंद पडला."

दुसऱ्या दिवशी तिची शाळा होती. सही तिचीच लागणार, म्हणून मामांनी स्वतःच्या हाताने अधिकारपत्र लिहिलं, तिने सही केली. बिल आणि आधारची प्रत देताना ती म्हणाली, "अप्पा, भिजला असंल तर भिजला म्हणून लिहा. त्याचाच प्लॅन हाय." मामांनी मान डोलावली.

मी मामांसोबत सर्व्हिस सेंटरला गेलो. काउंटरवर हुमा नावाची मुलगी होती. तिने सिमचा ट्रे काढून आत टॉर्च मारला. आतली पांढरी पट्टी पाणी लागलं की लाल होते. ती लालभडक झाली होती.

"काका, फोन भिजलाय. कधी, कुठं, कसा भिजला ते या फॉर्मवर लिहा. तुमच्या प्लॅनमधी बसतंय. पण नीट लिहा, एकदा वर पाठवला की बदलता येत न्हाई."

मामा हसले. "मला लिहायला शिकवून राहिलीस? म्हणजे मीच लिहून द्यायचं, आन् तुम्ही म्हणायचं, तुमचीच चूक. असे लई पाहिले मी."

"चूक असली तरी मिळतंय, काका. हा अपघाताचाच प्लॅन हाय."

"तुमच्यासारख्या चोरांना मी बत्तीस वर्षं वळखतो."

हुमाचा चेहरा कडक झाला. तिने माझ्याकडे पाहिलं. चारचौघांत सासऱ्याला खोटं कसं पाडायचं, म्हणून मी भिंतीवरचं पोस्टर वाचत राहिलो. आजही त्याची लाज वाटते.

मामांनी सुरेख अक्षरात लिहिलं: फोन टेबलावर ठेवला असता आपोआप बंद पडला. पाण्याशी कोणताही संपर्क आलेला नाही. खाली सही, तारीख, वेळ. हुमाने दोनदा विचारलं, मग फोटो काढून फॉर्म पाठवून दिला.

चार दिवसांनी उत्तर आलं. बोर्डवर पाणी आणि गंज सापडला म्हणून कंपनीची वॉरंटी लागू नाही. घटनेची माहिती तपासणीशी जुळत नाही म्हणून प्लॅनचा क्लेमही नामंजूर. बोर्ड बदलायचा तर फोनच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त खर्च. तक्रार करता येईल, हुमा म्हणाली, पण पहिला फॉर्म फाइलमध्ये राहणारच.

मामा घरी येताच तावातावाने म्हणाले, "मी म्हणलो होतो ना, लुबाडतेत. आण कागद, ग्राहक मंचात अर्ज टाकतो."

देविका शाळेची साडीही न बदलता समोर बसली होती. तिने उत्तराची प्रत आणि त्यांच्या अक्षरातला फॉर्म त्यांच्यापुढे ठेवला.

"अप्पा, फोन कुठं पडला?"

"आपोआप बंद पडला."

"तुम्ही माझा फोन खिशात घालून घरभर फिरता, ड्रमात वाकता. एक दिवस तुमच्या हातून तो पाण्यात पडणार, हे मला म्हाईत होतं. म्हणूनच तो प्लॅन घेतला होता मी. तुमच्यासाठी."

मामांनी पेनाचं टोपण काढलं होतं. ते त्यांनी परत लावलं आणि फॉर्म उलटा करून ठेवला.