ताईच्या डोळ्यांखालचे खड्डे

माझी थोरली बहीण मेकअपच्या काउंटरवर कन्सीलर विकते. अंथरुणाला खिळलेल्या आईचं हगणं-मुतणं काढता काढता तिच्या डोळ्यांखालचे खड्डे खोल होत गेले. फ्रिजमधल्या थंड चमच्यांनी सकाळची सूज उतरायची, खड्डे तसेच. कन्सीलरने काळेपणा झाकला जायचा, पण खड्ड्याची सावली काही हटायची नाही. "असे डोळे बघून गिऱ्हाईक काय घेणार?" मॅनेजर म्हणाला. शेवटी तिने डॉक्टरकडून इंजेक्शनने खड्ड्यांत फिलर भरून घेतलं. पंधरवड्यात सुईची सूज, काळंनिळं ओसरलं.

रविवारी आम्ही भावंडं जमलो. आता ताईकडून आईला कोणी न्यायचं, हा प्रश्न होता. मीच निर्लज्जासारखा म्हणालो, "ताई, तू तर अगदी टवटवीत दिसतेस." सगळ्यांनी माना डोलावल्या.

ताई रडली. रडतानाही ती टवटवीतच दिसत होती.